‘तुम्हाला माहीतच आहे’ लिहिलं आणि समोरच्याला टोमणा वाटला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तर साधं ‘तुम्हाला माहीतच आहे’ लिहिलं होतं, यात टोमणा कुठे आला?

तुमच्या मनात नव्हता, शब्दांत होता. ‘तुम्हाला माहीतच आहे की शेवटची तारीख २५ आहे’ हे वाक्य दोघं जण वाचतात असं धरा. पहिल्याला तारीख माहीत आहे, त्याच्या मनात येतं की माहीत आहे तर परत का सांगताय, म्हणजे मी विसरेन असं वाटतंय का. दुसऱ्याला माहीत नाही, त्याला वाटतं की अरे बापरे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मीच मागे राहिलो. म्हणजे ज्याला माहीत आहे तोही दुखावला आणि ज्याला नाही तोही, आणि तुम्ही तर बिचारे वाक्याची सुरुवात कशी करायची म्हणून ते तीन शब्द टाकले होते.

गंमत म्हणजे आपण हे बहुतेक वेळा नम्रपणा म्हणूनच लिहितो. ‘मी काही तुम्हाला शिकवत नाहीये हं, तुम्हाला कळतं सगळं’ असं म्हणायचं असतं. समोरासमोर बोलताना ते पोचतंही, कारण आवाज मऊ असतो, मान हलते. कागदावर आवाज राहत नाही, उरतो तो फक्त ‘च’.

‘च’चं एवढं काय?

माझ्या मते मराठीत हा सगळा घोटाळा निम्मा तरी त्या एका अक्षराचा आहे. ही तीन वाक्यं मनातल्या मनात म्हणून बघा:

तुम्हाला माहीत असेल, तारीख २५ आहे.
तुम्हाला माहीत असेलच, तारीख २५ आहे.
तुम्हाला माहीतच आहे, तारीख २५ आहे.

पहिल्यात वाचणाऱ्याला पळवाट आहे, माहीत असेल किंवा नसेल, दोन्ही चालेल. दुसऱ्यात ती पळवाट अर्धी बंद झाली. तिसऱ्यात दार लावून कडी घातली, आता ज्याला माहीत नाही त्याने काय करायचं, तोंड लपवायचं?

पण म्हणून दिसला ‘च’ की उडव असं करू नका. ‘तारीख २५च आहे, २६ नाही’ यातला ‘च’ तारखेला चिकटलाय, तो कामाचा आहे. ‘पैसे ऑनलाइनच भरायचे’ यातलाही. बोचतो तो वाचणाऱ्याच्या डोक्यात काय आहे त्याला चिकटलेला ‘च’: माहीतच आहे, आठवतच असेल, कळलंच असेल, वाचलंच असेल. वस्तूवरचा ‘च’ राहू द्या, माणसावरचा काढा.

तसेच त्याचे भाऊबंद, ‘की’ आणि ‘तर’. ‘वर लिहिलंय’ आणि ‘वर लिहिलंय की’ यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ‘सांगितलं होतं’ ही माहिती झाली आणि ‘सांगितलं तर होतं’ हे भांडण. वाक्याच्या शेवटी टाकलेला ‘ना’ पण तसाच, ‘फाइल जोडली आहे ना’ हा प्रश्न आहे की दटावणी हे वाचणारा त्या दिवशी कसा उठलाय त्यावर ठरतं.

लिहिताना मला हे ऐकू का येत नाही?

कारण तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येत असतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता, एकाने टेबलावर बोटांनी ओळखीच्या गाण्याची चाल वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं हो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक.

ईमेलवरच्या खोचकपणाबद्दल २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच तपासलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने हे साधारण ७८ टक्के वेळा वाचणाऱ्याला कळेल. ईमेल वाचणाऱ्यांना कळलं साधारण ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी फार वेगळं झालं नसतं. आता हे तर मुद्दाम सूर ठरवून लिहिलेलं होतं, आपण तर सूर ठरवतही नाही.

मग असे शब्द सरळ उडवून टाकायचे का?

बऱ्याचदा हो. पण आधी एकदा बघा की तो शब्द तिथे काय काम करत होता, कारण कधी कधी तो एखादी मोठी गोष्ट झाकून बसलेला असतो. हे उदाहरणाने जास्त नीट कळेल, आणि उदाहरण माझंच आहे त्यामुळे कोणाची बदनामी नाही.

मी नऊ जणांच्या टीमला हा मेल पाठवला होता:

> नमस्कार,
> तुम्हाला माहीतच आहे की महिन्याच्या खर्चाच्या नोंदी २५ तारखेपर्यंत करायच्या असतात. साहजिकच त्यानंतर शीट लॉक होतं. मागच्या मेलमध्ये सांगितल्याप्रमाणे खर्चाचा कोड दुसऱ्या कॉलममध्ये टाकायचा आहे. फक्त लिस्टमधून निवडायचा आहे, सोपं आहे. काही अडचण आल्यास अर्थातच विचारू शकता.

पाच वाक्यं आणि पाचही वाक्यांत एकेक काटा. मला पाठवताना एकही दिसला नाही. टीममध्ये १८ तारखेला नवीन आलेल्या मुलीचं उत्तर आलं, ‘सॉरी मॅडम, मला माहीत नव्हतं, मागचा मेल मला आलेला नाही’. सॉरी तिने का म्हणायचं, चूक माझी होती. आणि कोड चुकवला तो तिने नाही, दोन जुन्या लोकांनी, ज्यांना ‘माहीतच’ होतं.

मग एकेक वाक्य घेऊन बसले.

‘तुम्हाला माहीतच आहे की’ काढलं तर वाक्य उरलं ‘नोंदी २५ तारखेपर्यंत करायच्या असतात’. काहीच बिघडलं नाही. पण उघडं पडल्यावर दिसलं की ‘पर्यंत’ म्हणजे किती वाजेपर्यंत ते लिहिलेलंच नाही. शीट संध्याकाळी ६ ला लॉक होतं, रात्री १२ ला नाही. हे मला इतकं पाठ होतं की लिहायचं सुचलंच नाही.

‘साहजिकच शीट लॉक होतं’ यात साहजिक काय आहे? काही नाही, कोणीतरी ठरवलंय म्हणून होतं. आणि वाचणाऱ्याला लॉक होण्याशी घेणं नाही, राहिलेल्या नोंदीचं काय होणार ते हवंय. ती पुढच्या महिन्यात जाते. ‘साहजिकच’ लिहून मी हे सांगायचं टाळलं होतं.

‘मागच्या मेलमध्ये सांगितल्याप्रमाणे’ यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

‘फक्त’ आणि ‘सोपं आहे’ ही जोडी सगळ्यात वाईट, कारण ज्याला जमत नाही त्याला ही जोडी सांगते की तू सोप्या गोष्टीत अडकलायस. आणि अडकायला कारण होतं: लिस्ट उघडायचा बाण सेलवर क्लिक केल्याशिवाय दिसतच नाही, त्यामुळे लोक हाताने टाइप करत होते आणि सेल लाल होत होता. सोपं आहे असं लिहायला मला दोन शब्द लागले, बाण कुठे आहे हे लिहायला एक ओळ लागली असती.

दुरुस्त केलेला मेल:

> नमस्कार,
> या महिन्याच्या खर्चाच्या नोंदी २५ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत करा. त्यानंतर शीट लॉक होतं आणि राहिलेली नोंद पुढच्या महिन्यात जाते.
> खर्चाचा कोड दुसऱ्या कॉलममध्ये येतो. सेलवर क्लिक केलं की उजवीकडे छोटा बाण दिसतो, त्यातून कोड निवडा. हाताने टाइप केला तर सेल लाल होतो. (३ तारखेच्या मेलमध्ये हेच होतं, काही बदललेलं नाही.)
> कोड सापडत नसेल तर मला लिहा, मी दुपारी ४ नंतर मोकळी असते.

हा पहिल्यापेक्षा लांब आहे, मान्य. पण यात एकही ‘कृपया’ नाही आणि तरी कोणाला उद्धट वाटला नाही. गोडवा वाढवून काटा जात नाही, काटा काढावा लागतो.

‘मागच्या मेलमध्ये सांगितल्याप्रमाणे’ यात काय चुकलं? खरंच सांगितलेलं असतं.

असतंच, म्हणून तर बोचतं. यातलं खरं काम आहे जुन्या गोष्टीचा धागा जोडणं, आणि ते काम करायचं असेल तर नीट करा: कोणता मेल, कोणती तारीख, आणि त्यातलं काही बदललंय की तेच आहे. ‘सांगितल्याप्रमाणे’ नुसतं लिहिलं तर वाचणारा जुना मेल शोधत बसतो, किंवा शोधत नाही आणि मनात म्हणतो की झालं, वाचला नाही म्हणून ऐकवलं.

मी हल्ली दोन गोष्टी करते. माहिती तिथल्या तिथे परत पूर्ण लिहिते, एक-दोन ओळींनी काही बिघडत नाही. आणि जुन्या मेलचा उल्लेख शेवटी, कंसात, माहितीनंतर टाकते. आधी उल्लेख आला की हिशोब मागितल्यासारखा वाटतो, नंतर आला की नुसती नोंद राहते. बोलून ठरलं असेल तर ‘बुधवारी आपलं ठरलं तसं’, यात ‘आपलं’ आहे, म्हणजे दोघं एकाच बाजूला.

‘अर्थात’, ‘अर्थातच’ आणि ‘साहजिकच’ कधीच वापरायचे नाहीत का?

असं नाही. ‘अर्थात’ च्या मागे च नसेल तर तो बऱ्याचदा लिहिणारा स्वतःच्याच बोलण्याला मर्यादा घालतोय असा येतो: ‘ही पद्धत जलद आहे, अर्थात फाइल मोठी असेल तर वेळ लागतो’. हा छान आहे, यात कोणाची परीक्षा नाही.

‘साहजिकच’चं तर मला फार आवडणारं एक रूप आहे. ‘पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, साहजिकच तुम्हाला काळजी वाटली असेल.’ इथे तोच शब्द वाचणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. आता हे बघा: ‘पावती साहजिकच ईमेलवर येते’. इथे तोच शब्द त्याच्या डोक्यावर टपली मारतो. फरक एवढाच की पहिल्यात साहजिक आहे ती वाचणाऱ्याची भावना, दुसऱ्यात साहजिक धरलीय ती त्याची माहिती. माणसाला जे वाटलं ते साहजिक म्हटलं तर त्याला बरं वाटतं, त्याला जे माहीत असायला हवं होतं ते साहजिक म्हटलं तर त्याला कमीपणा वाटतो. ‘अर्थातच’लाही हेच लावून बघा, ‘तुम्ही अर्थातच नाही म्हणू शकता’ चालतं, ‘पासवर्ड अर्थातच आठ अक्षरी हवा’ नाही चालत.

‘उघड आहे की’, ‘कोणीही सांगेल की’, ‘हे वेगळं सांगायला नको’?

यांची जात वेगळी आहे, हे बहुतेक वेळा पुराव्याच्या जागी येऊन बसतात. ‘उघड आहे की नवीन फॉर्म जुन्यापेक्षा चांगला आहे’ यातलं ‘उघड आहे की’ झाका बोटाने. उरलेलं वाक्य वाचून तुम्हालाच वाटलं की हे कशावरून, तर तिथे कारण हवं होतं: ‘नवीन फॉर्ममध्ये पत्ता दोनदा भरावा लागत नाही’. ज्याला जुना फॉर्म बरा वाटतो त्याला तुम्ही ‘उघड आहे’ म्हणून आंधळा ठरवलंय, तो आता कारण ऐकायलाही तयार नाही. आणि ‘वेगळं सांगायला नको’ म्हणून पुढे सांगणारे तर आपण सगळेच.

सरकारी किंवा फार औपचारिक पत्रात ‘आपणांस विदित आहेच की’ असतंच, ते पण खोचक का?

वरिष्ठांना लिहिताना तो एक साचा आहे आणि वाचणाऱ्यालाही तो साचाच वाटतो, ‘तुम्हाला माहीत आहे, मी फक्त रेकॉर्डसाठी लिहितोय’. ‘सुज्ञास सांगणे न लगे’ त्यातलंच. अडचण होते जेव्हा तोच साचा खाली उतरतो, म्हणजे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला पाठवलेल्या पत्रात ‘आपणांस विदित आहेच की अर्जासोबत तीन प्रती जोडणे आवश्यक आहे’. त्याला कुठून विदित असणार?

आणि एक, रोज ‘अरे तुरे’ करणाऱ्या मित्राने अचानक ‘आपल्याला ठाऊक असेलच’ लिहिलं तर तो टोमणाच धरला जातो, मग तुम्ही कितीही शपथा घ्या. आदर अचानक वाढला की मराठी माणूस सावध होतो.

मग उलटं लिहू का, ‘कदाचित तुम्हाला माहीत नसेल’?

नको हो. हा आगीतून फुफाट्यात. ज्याला माहीत आहे तो आता डबल चिडेल. ‘तुमच्या माहितीसाठी सांगतो’ सुद्धा आता इतक्या भांडणांत वापरून झालंय की त्याला वासच येतो. वाचणाऱ्याला काय माहीत आहे आणि काय नाही यावर बोलूच नका, सरळ गोष्ट सांगा. ‘तारीख २५ आहे.’ ज्याला माहीत आहे तो डोळा फिरवून पुढे जातो, ज्याला नाही तो टिपून घेतो.

वाचणारे खरंच दोन प्रकारचे असतील तर त्यांना वाट दाखवा: ‘ज्यांनी आधी हा फॉर्म भरलाय त्यांनी थेट तिसऱ्या पायरीवर जा’. यात माहीत नसणाऱ्याबद्दल एक शब्द नाही, आणि माहीत असणाऱ्याचा वेळ वाचला.

स्मायली टाकला तर चालतो का?

‘तुम्हाला माहीतच आहे 🙂’. वाचा परत. आता तर खात्रीच पटली ना टोमण्याची?

पाठवण्याआधी तपासायचं कसं, प्रत्येक शब्दावर किती विचार करणार?

लिहिताना करूच नका, लिहून झाल्यावर करा. मी Ctrl+F दाबून ठरलेले पाच-सहा शब्द शोधते: माहीत, अर्थातच, साहजिक, उघड, फक्त, सोपं. ‘माहीत’ लोक ‘माहित’ असंही टाइप करतात त्यामुळे दोन्ही शोधा. मग ‘च’ आणि त्याच्यापुढे एक स्पेस, असं शोधा, म्हणजे शब्दाच्या शेवटचे ‘च’ सापडतात आणि ‘चार’, ‘चूक’ मध्ये येत नाहीत. ‘पाच’ आणि ‘काच’ येतील, त्यांना जाऊ द्या. स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाआधीचा ‘च’ यात सुटतो, तेवढा डोळ्याने बघा.

सापडलेल्या वाक्याच्या शेवटी मनात जोडा: ‘एवढंही कळत नाही का?’ जर ते सहज बसलं, जणू तिथेच होतं, तर वाक्य बदला. ‘फक्त लिस्टमधून निवडायचं आहे, एवढंही कळत नाही का?’ बसतं. ‘सेलवर क्लिक केलं की बाण दिसतो, एवढंही कळत नाही का?’ नाही बसत, उपरं वाटतं.

कोणाला वाचायला देणार असाल तर ‘हे खोचक वाटतंय का’ असं विचारू नका, नाही नाही म्हणेल भिडेपोटी. विचारा, ‘हे लिहिणाऱ्याचा मूड कसा असेल?’ उत्तर ‘वैतागलेला’ आलं की समजा.

आणि मी खरोखरच वैतागलेलो असेन तर?

तर वैताग लपवून लिहिलेलं वाक्यच सगळ्यात जास्त टोचतं, कारण तो ‘च’ मधून, ‘सांगितल्याप्रमाणे’ मधून गळत राहतो आणि वाचणाऱ्याला उत्तरही देता येत नाही, तुम्ही वरवर काही बोललेलाच नसता. त्यापेक्षा काय झालं ते लिहा: ‘ही नोंद सलग तिसऱ्या महिन्यात राहिली, त्यामुळे मला हिशोब दोन दिवस उशिरा द्यावा लागला. पुढच्या वेळी २४ ला आठवण करू का?’ यावर माणूस काहीतरी बोलू शकतो, कारण सांगू शकतो, हो म्हणू शकतो. ‘माहीतच आहे’वर काय बोलणार?

मेल गेला, समोरचा दुखावला, आता?

एक ओळ, आणि ती चुकलेल्या शब्दाबद्दल. ‘माझा तसा उद्देश नव्हता’ हे तुमच्याबद्दल झालं आणि ‘तुमचा गैरसमज झाला’ हे परत त्याच्याच माथी मारलं. मी त्या मुलीला लिहिलं होतं, ‘“माहीतच आहे” असं मी लिहायला नको होतं, तुला ही तारीख कोणी सांगितलेलीच नव्हती. ३ तारखेचा मेल आत्ता फॉरवर्ड केलाय.’ तिने अंगठा पाठवला आणि अर्ध्या तासाने विचारलं की बाण फोनवर दिसत नाही, लॅपटॉपवरच दिसतो का. तेव्हा मला कळलं की फोनवर सेलवर दोनदा टॅप करावं लागतं, पुढच्या महिन्याच्या मेलमध्ये ती ओळ पण टाकली.